सही कोणाची, अधिकार कोणाचा?

रिसोडचा व्यापार हंगामावर चालतो. जूनमध्ये सोयाबीन पेरायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास ते बाजार समितीच्या आवारात आणायचे आणि पुढे तुरीची वाट पाहायची. वर्षभराची बरीचशी उलाढाल थोड्या आठवड्यांत होते. चार जणांनी मिळून नवी अडत काढली असेल, किंवा दहा शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी उभारली असेल, तर त्या आठवड्यांच्या आधी तिच्या नावाचे चालू खाते सुरू झालेले असले पाहिजे. प्रत्यक्षात अर्ज बँकेत जातो आणि कागद अपुरे म्हणून परत येतो. ‘आणखी एक कागद आणा’ असे दोन-तीनदा ऐकल्यावर माणूस वैतागतो. मग पैसे एखाद्या भागीदाराच्या बचत खात्यातूनच फिरू लागतात, आणि पुढच्या अनेक भानगडींचे मूळ तिथेच असते.

बचत खात्याचा मार्ग नियमाने बंदच आहे. भागीदारी संस्था किंवा कंपनी अशा कोणत्याही व्यापारी घटकाच्या नावाने बचत खाते उघडायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्यांच्यासाठी चालू खाते, ज्याला आपण करंट खाते म्हणतो. त्यावर व्याज नसते, किमान शिल्लक जास्त ठेवावी लागते, पण व्यवहारांच्या संख्येला बचत खात्यासारखा लगाम नसतो.

बँक मागते ते कागद वरवर पाहता सुटे सुटे वाटतात. खरे तर त्या सगळ्यांतून ती एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असते: या खात्यावर सही कोण करणार, आणि ती करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? व्यक्तीच्या खात्यात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण पैसे त्याचे आणि सहीही त्याचीच. फर्म आणि कंपनीत पैसे एकाचे नसतात. म्हणून अधिकार कुठून आला, हे कागदावर दिसावे लागते. भागीदारीत तो सगळ्या भागीदारांच्या सह्यांतून येतो, कंपनीत संचालक मंडळाच्या बैठकीतून. हा फरक लक्षात ठेवला की कोणता कागद का हवा, हे आपोआप कळते.

भागीदारी: सगळ्यांची सही का लागते

भारतीय भागीदारी कायदा 1932 सालचा आहे. त्याच्या नजरेत फर्म म्हणजे भागीदारांचे सामुदायिक नाव. भागीदारांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती नव्हे. धंद्याच्या रोजच्या कामात प्रत्येक भागीदार इतरांना बांधून घेऊ शकतो. माल घेतला, पावती दिली, तर ती फर्मने दिली असे होते. पण कलम 19 ने काही गोष्टी या अधिकारातून मुद्दाम वगळल्या आहेत. त्यांतली एक थेट आपल्या विषयाची आहे: फर्मच्या वतीने स्वतःच्या नावावर बँक खाते उघडण्याचा अधिकार कोणत्याही भागीदाराला आपोआप मिळत नाही. त्यामुळे ‘मी भागीदार आहे, माझ्या नावाने खाते काढा, पैसे फर्मचेच आहेत’ हे बँक मान्य करत नाही.

रिझर्व्ह बँकेने 2016 साली ग्राहकाच्या ओळखीचे, म्हणजे केवायसीचे, एकत्रित निर्देश काढले. पुढे त्यांत बदल होत गेले, पण कागदांची चौकट तीच राहिली. भागीदारीसाठी बँक पुढील गोष्टी मागते: फर्मचा नोंदणी दाखला, भागीदारीचा करारनामा, फर्मचे स्वतःचे पॅन, सगळ्या भागीदारांची नावे, नोंदणीकृत आणि प्रत्यक्ष धंद्याचा पत्ता, आणि खाते चालवणाऱ्यांचे व खऱ्या लाभधारकांचे ओळखीचे कागद. याशिवाय बँकेचे भागीदारी पत्र असते. त्यावर प्रत्येक भागीदार सही करतो आणि खात्याच्या देण्याला आपण एकत्रितपणे व एकेकट्यानेही जबाबदार आहोत, हे कबूल करतो.

समजा, बाजार समितीच्या आवारात तिघांनी अडत काढली. दोघे भाऊ प्रत्येकी 45 टक्के, मेव्हणे 10 टक्के. गाळ्यावर रोज मेव्हणेच बसतात, म्हणून चेकवर सहीही त्यांनी करावी असे ठरले. आता कागद कोणाचे लागतील? खरा लाभधारक म्हणजे ज्याचा भांडवलात किंवा नफ्यात 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा आहे तो माणूस. पूर्वी भागीदारीसाठी ही मर्यादा 15 टक्के होती, 2023 मध्ये ती 10 वर आली. दोघे भाऊ या व्याख्येत बसतात. मेव्हण्यांचा वाटा बरोबर 10, म्हणजे ‘पेक्षा जास्त’ नाही, म्हणून ते लाभधारक ठरत नाहीत. पण ते सही करणार आहेत, त्या नात्याने त्यांचेही कागद लागतातच. थोडक्यात तिघांचेही पॅन, फोटो आणि आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांसारखा ओळख-पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. पॅन कार्ड एकटे पत्त्याच्या पुराव्याला चालत नाही.

फर्मचे पॅन वेगळे काढावे लागते, भागीदाराचे चालत नाही. खातरजमा सोपी आहे. पॅनचे चौथे अक्षर धारक कोण ते सांगते: व्यक्तीसाठी P, फर्मसाठी F, कंपनीसाठी C. फर्मच्या अर्जाला जोडलेल्या पॅनमध्ये चौथे अक्षर P असेल तर चुकीचे कार्ड जोडले आहे.

करारनाम्यातले एक वाक्य

अडतीच्या या उदाहरणात अर्ज अडकण्याची सर्वांत मोठी शक्यता करारनाम्यात दडलेली असते. करारनामा बहुतेकदा तयार नमुन्यावरून टाईप होतो. त्यात कुठेतरी एक कलम असते: ‘बँक खाते कोणत्याही दोन भागीदारांच्या संयुक्त सहीने चालवले जाईल.’ ते कोणी नीट वाचलेले नसते. बँकेच्या अर्जावर मात्र ‘कोणीही एक’ असे लिहिले जाते, कारण गाळ्यावर मेव्हणे एकटेच असतात. करारनामा एक सांगतो आणि अर्ज दुसरेच. बँकेचा अधिकारी अर्ज परत करतो, आणि तो बरोबरच करतो. उद्या वाद झाला तर करारनामा डावलून एकाच सहीवर पैसे का दिले, हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल.

यावर उपाय करारनामा करतानाच करावा. कलम असे ठेवावे की खाते कोणत्या भागीदाराने आणि कशा सहीने चालवायचे, हे सगळे भागीदार वेळोवेळी लेखी ठरवतील. मग बदल करताना नवा करारनामा लागत नाही, सगळ्यांच्या सहीचे पत्र पुरते. करार आधीच झाला असेल तर योग्य मुद्रांकावर पुरवणी करार करून ते कलम बदलून घ्यावे.

आणखी एक कलम आवर्जून पाहावे, ते भागीदाराच्या मृत्यूविषयीचे. कायद्याच्या कलम 42 प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. मग बँक खात्यावरचे व्यवहार थांबवते. दोन्ही भाऊ हयात आहेत, दुकान सुरू आहे, शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे आहेत, आणि खाते मात्र बंद! ‘उरलेले भागीदार फर्म पुढे चालवतील’ एवढे वाक्य करारनाम्यात असले तर निदान बोलणी कुठून सुरू करायची ते ठरलेले असते.

फर्म नोंदलेली नसेल तर? भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही. खाते नाकारले जात नाही, पण केवायसीच्या निर्देशांत अशी फर्म नोंदणीकृत भागीदारीच्या रांगेत न बसता ‘असंघटित व्यक्तिसमूह’ या गटात मोजली जाते. नोंदणी दाखल्याच्या जागी तिथे ठराव मागतात, म्हणजे सगळ्या भागीदारांच्या सहीचा, खाते उघडण्याचा आणि चालवण्याचा निर्णय नोंदवणारा कागद. शिवाय फर्म खरोखर अस्तित्वात आहे हे दाखवणारे पुरावे लागतात. अडतीसाठी बाजार समितीचा परवाना, दुकानाची शॉप अ‍ॅक्टखालील नोंद, जीएसटी असेल तर त्याचा दाखला हे इथे उपयोगी पडतात. तरीही नोंदणी करून घ्यावी हेच बरे. कलम 69 प्रमाणे बिगरनोंदणी फर्मला आपली उधारी वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. ज्या धंद्यात अर्धा व्यवहार उधारीवर चालतो, तिथे ही उणीव भारी पडते.

पत्त्याची अडचण लहान गावात वेगळी असते. दुकान भाड्याचे नसते, वडिलांच्या नावावर असते. वीजबिलही त्यांच्याच नावाचे. अशा वेळी ते बिल आणि ‘या जागेत फर्मने धंदा करायला माझी हरकत नाही’ असे त्यांचे संमतीपत्र जोडावे. गाळा बाजार समितीचा असेल तर वाटपाचे पत्र जोडावे. बँकेचा माणूस जागा पाहायला येतो तेव्हा फर्मच्या नावाची पाटी लागलेली असली पाहिजे, आणि पाटीवरचे, शिक्क्यावरचे व करारनाम्यावरचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे.

उत्पादक कंपनी: बैठक काय म्हणाली?

आता दुसरे उदाहरण. समजा, रिसोड तालुक्यातल्या दहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी 10,000 रुपये घालून उत्पादक कंपनी काढली. 2 जूनला तिचा नोंदणी दाखला मिळाला. उत्पादक कंपनी हा प्रकार 2003 पासून कंपनी कायद्यात आहे. आज त्याचे नियम 2013 च्या कायद्यातल्या प्रकरण 21-अ मध्ये आहेत. किमान दहा उत्पादक सभासद, किमान पाच संचालक आणि एक पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे आपण म्हणतो तो सीईओ. हा सीईओ सभासदांपैकी नसावा, असे कायदा सांगतो.

कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. सभासदांनी घोळक्याने येऊन सह्या केल्या म्हणून ती बोलली असे होत नाही. ती बोलते संचालक मंडळाच्या ठरावातून. म्हणून इथे बँक मागते: नोंदणी दाखला, मेमोरँडम आणि आर्टिकल्स, कंपनीचे पॅन, संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत, सही करणाऱ्यांचे व लाभधारकांचे कागद, वरिष्ठ व्यवस्थापनातील व्यक्तींची नावे आणि पत्ते. नोंदणीच्या वेळी `SPICe+` अर्जासोबत भरावयाच्या `AGILE-PRO-S` फॉर्ममध्येच बँक निवडावी लागते. ती निवडताना तिची शाखा आपल्याला सोयीची आहे ना, हे पाहावे. बँक निवडली म्हणून ठराव आणि ओळखीचे कागद चुकत नाहीत.

लाभधारकाचे गणित इथे मजेशीर होते. दहा जणांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकाचा बरोबर 10 टक्के. मर्यादा ‘10 टक्क्यांपेक्षा जास्त’ अशी असल्याने एकही जण त्या वर जात नाही. दुसऱ्या कोणत्या मार्गाने कंपनीवर कोणा एकाचा ताबा असेल तर तो मोजतात. इथे प्रत्येकाला एकच मत, त्यामुळे तसेही नाही. अशा वेळी वरिष्ठ व्यवस्थापनातली व्यक्ती लाभधारक म्हणून नोंदवली जाते. ते नाव सीईओचे लिहावे लागल्यास सभासदांनी बिचकू नये. कंपनी त्याच्या मालकीची झाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

ठराव मंजूर व्हायचा तो रीतसर बोलावलेल्या बैठकीत. पहिली बैठक नोंदणीपासून 30 दिवसांत घ्यायची, म्हणजे 2 जुलैच्या आत. नोटीस किमान सात दिवस आधी लेखी द्यायची. उत्पादक कंपनीत गणपूर्ती संचालकांच्या एक-तृतीयांश, पण कोणत्याही स्थितीत तिघांपेक्षा कमी नाही. बैठकीची तारीख नोंदणी दाखल्याच्या नंतरची असलीच पाहिजे. नोंदणीआधी झालेली बैठक ही फार तर प्रवर्तकांची चर्चा. कंपनीच तेव्हा जन्मलेली नव्हती. ही चूक अर्जांत वरचेवर दिसते.

ठरावाचा मजकूर साधारण असा असावा:

‘असे ठरविण्यात येते की, कंपनीच्या नावाने (बँकेचे नाव) बँकेच्या रिसोड शाखेत चालू खाते उघडावे.

असेही ठरविण्यात येते की, सदर खाते मुख्य कार्यकारी अधिकारी (नाव) आणि त्यांच्यासोबत अध्यक्ष (नाव) किंवा संचालक (नाव) यांपैकी कोणीही एक, अशा दोन सह्यांनी चालविण्यात यावे.

असेही ठरविण्यात येते की, नेटबँकिंगमध्ये व्यवहार भरण्याचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना व तो मंजूर करण्याचा अधिकार अध्यक्षांना देण्यात यावा.

असेही ठरविण्यात येते की, खाते उघडण्याचा अर्ज व त्यासोबतच्या कागदांवर कंपनीच्या वतीने वरील व्यक्तींनी सह्या कराव्यात. आणि हा ठराव बदलल्याची लेखी सूचना बँकेला मिळेपर्यंत तो अंमलात राहील.’

दुसऱ्या परिच्छेदाची रचना नीट पाहा. अनेक ठरावांत तिथे ‘अध्यक्ष उपलब्ध नसतील तेव्हा अमुक संचालक सही करतील’ असे लिहितात. ऐकायला ठीक वाटते, पण अध्यक्ष आज गावात आहेत की नाहीत, हे बँकेने कसे शोधायचे? अट अशी हवी की ती चेकवरच्या सह्या पाहूनच तपासता येईल. ‘यांपैकी कोणीही एक’ म्हटले की काम झाले. सीईओचे नाव नेहमीच्या दोन सह्यांत ठेवले, तर तेही कायद्याला धरून आहे: मंडळाच्या मंजुरीने बँक खाते चालवणे हे त्याच्या कामांतले एक काम आहे.

नेटबँकिंगचे वेगळे कलम का? चेकवर दोन सह्या ठेवायच्या आणि नेटबँकिंगचा पासवर्ड एकाकडेच द्यायचा, तर दोन सह्यांचा अर्थच उरत नाही. भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा अशी विभागणी ठरावात स्पष्ट असावी. कर्जाचा विषय मात्र या ठरावात घुसडू नये. कर्ज घेण्याचा अधिकार हा वेगळा आणि मोठा निर्णय असून त्यासाठी स्वतंत्र ठराव लागतो. खात्याच्या छापील नमुन्यात ‘ओव्हरड्राफ्ट घेण्याचा अधिकार’ असे वाक्य आधीच छापलेले असते. नको असेल तर ते खोडून त्याशेजारी सही करावी.

ठराव प्रोसिडिंग बुकात लिहिल्यावर लेटरहेडवर त्याची खरी नक्कल काढायची. त्यावर बैठकीची तारीख, जागा आणि प्रमाणित करणाऱ्या संचालकाचे नाव व डिन हवे. ज्याला सहीचा अधिकार दिला त्यानेच नक्कल प्रमाणित केली तर बँका सहसा हरकत घेतात, म्हणून ती दुसऱ्या संचालकाच्या सहीने द्यावी.

सोयाबीन यायच्या आधी

खाते उघडले की काम संपले, असे कंपनीच्या बाबतीत होत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 10-अ प्रमाणे, भागभांडवल घालण्याचे कबूल केलेल्या प्रत्येकाने आपली रक्कम भरली, असे घोषणापत्र `INC-20A` या फॉर्ममध्ये नोंदणीपासून 180 दिवसांत द्यावे लागते. ते दिल्याखेरीज कंपनीला धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही उचलता येत नाही. पुरावा म्हणून बँकेचा खातेउतारा जोडतात. म्हणून दहाही जणांनी आपापले 10,000 रुपये स्वतःच्या खात्यातून, स्वतंत्रपणे भरावेत. एकाने सगळ्यांच्या वतीने एक लाख रोख भरले, तर कोणाचे किती हे उताऱ्यावरून दिसत नाही.

2 जूनपासून 180 दिवस म्हणजे 29 नोव्हेंबर. चुकले तर कंपनीला 50,000 रुपये दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला 1,000 प्रमाणे एक लाखापर्यंत वेगळा. पण रिसोडच्या कंपनीला खरी मुदत त्याहून अलीकडची आहे. सोयाबीनची खरेदी ऑक्टोबरात सुरू होणार असेल तर घोषणापत्र सप्टेंबरातच गेले पाहिजे, आणि त्यासाठी खाते जुलैमध्ये उघडले पाहिजे.

मध्येच आणखी एक तारीख येते. उत्पादक कंपनीचे पहिले संचालक आर्टिकल्समध्ये नेमलेले असतात. नोंदणीपासून 90 दिवसांत संचालकांची निवडणूक घ्यायची असते. आपल्या उदाहरणात ती 31 ऑगस्टपर्यंत होणार. अध्यक्ष बदलले तर जुलैच्या ठरावातली त्यांची सही निरुपयोगी ठरते. नव्या मंडळाने नवा ठराव करावा, नव्या सहीचे नमुने द्यावेत आणि जुना अधिकार रद्द झाल्याचे स्पष्ट लिहावे. पण त्याआधी संचालक बदलाचा `DIR-12` फॉर्म भरलेला हवा. बँकेचा अधिकारी कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची यादी उघडून पाहतो. तिथे जुनी नावे आणि ठरावावर नवी, असे दिसले की नवा ठराव बाजूला पडतो. हा फॉर्म भरायला 30 दिवसांची मुदत असते. शेवटच्या दिवसाची वाट पाहिली तर महिनाभर चेक कोण काढणार, हाच प्रश्न उभा राहतो.

केवायसीच्या कागदांत बदल झाला की तो 30 दिवसांत बँकेला कळवण्याची जबाबदारी खातेदाराची असते. फर्मलाही हे लागू आहे. भागीदार निघाला, नवा आला, दुकान हलले, तर बँकेला तेव्हाच लेखी कळवावे. निघून गेलेल्या भागीदाराची सही खात्यावर राहिली आणि त्याने चेक काढला, तर बँकेने तो वटवणे हे तिच्याजवळच्या कागदाप्रमाणे बरोबरच ठरेल. भागीदारांत तंटा सुरू झाला तर कोणताही भागीदार, सहीचा अधिकार नसलेलाही, बँकेला लेखी कळवून पैसे देणे थांबवू शकतो. असे पत्र मिळाल्यावर बँक पुन्हा सगळ्यांच्या सह्या मागते. त्यामुळे खाते उघडतानाच एक फाईल करून करारनामा किंवा आर्टिकल्स, बँकेला दिलेल्या प्रत्येक पत्राची व ठरावाची पोच असलेली प्रत आणि सहीच्या नमुन्याची झेरॉक्स त्यात लावून ठेवावी. अधिकार आज कोणाकडे आहे, हे त्या फाईलमधला शेवटचा कागद पाहून कोणालाही सांगता आले पाहिजे.